प्रेम बंगालीत रेकॉर्ड करताना

समजा, तुम्ही सांगलीचे, नोकरीला पुण्यात आणि जिच्यावर जीव जडला ती कोलकात्याची. एरवी तुमचं बोलणं हिंदीत चालतं, पण एकदा तरी तिच्या भाषेत मनातलं सांगावंसं वाटतं. समोरासमोर जीभ अडखळेल अशी भीती असेल, तर व्हॉइस नोट सोयीची. पाठवण्याआधी ती हवी तितक्या वेळा ऐकता येते. मात्र तिथे चेहरा दिसत नाही, सगळी भिस्त आवाजावर असते.

पहिलं काम म्हणजे मजकूर छोटा ठेवणं. तीन वाक्यं पुरतात: ‘आज शारादिन तोमार कॉथा मोने पोडछे. ताडाताडि चोले एशो. आमि तोमाके भालोबाशि.’ आज दिवसभर तुझीच आठवण येतेय, लवकर ये, माझं तुझ्यावर प्रेम आहे. बंगालीत क्रियापदाला लिंग नसतं, त्यामुळे मुलगा असो वा मुलगी, वाक्यं हीच राहतात. मराठीतल्या ‘तू’च्या सवयीने ‘तुइ’कडे मात्र वळू नका. तो जिवलग मित्रांचा, लहानग्यांचा शब्द. तुमच्यात आधीपासून ‘तुइ’ चालत नसेल, तर प्रेमात ‘तुमि’च शोभतं आणि वरची वाक्यं त्याच रूपातली आहेत.

मराठी माणूस इथे चुकतो तो अवघड अक्षरांपाशी नाही, ओळखीच्या अक्षरांपाशी. आपण ‘आज’मधला ज दातांजवळून काढतो. बंगाली ‘आज’ला ‘जीव’मधला ज लागतो. ‘चोले’ म्हणताना जीभ आपोआप ‘चोळी’च्या च कडे जाते, तिथे ‘चहा’चा च हवा. ‘कॉथा’त तोंड ‘ऑफिस’सारखं उघडायचं, ‘मोने’त ओठ गोल करून साधा ओ म्हणायचा. ‘पोडछे’तला ड आपल्या ‘वडा’तलाच आहे, तो आयता जमतो. ‘भालोबाशि’च्या शेवटी आपण सवयीने ‘शी’ लांबवतो. ती ओढ टाळली, की वाक्य नेटकं संपतं.

उच्चारांपेक्षाही जास्त उघडं पाडते ती लय. नवखा माणूस शब्द सुटे सुटे बोलतो आणि प्रत्येकावर सारखाच जोर देतो. ऐकणाऱ्याला ते वाचून दाखवल्यासारखं वाटतं. बंगाली वाक्य छोट्या गटांत चालतं. पहिल्या वाक्याचे तीन गट पाडा: ‘आज शारादिन’, ‘तोमार कॉथा’, ‘मोने पोडछे’. प्रत्येक गटाच्या पहिल्या अक्षरावर जोर द्यायचा, पण तो खालच्या पट्टीत. तिथून आवाज गटाच्या शेवटाकडे चढू द्यायचा. अखेरच्या गटात मात्र तो खाली उतरतो, आणि वाक्य संपलं हे त्या उतारावरून कळतं. शेवटीही आवाज वर राहिला, तर प्रेमाची कबुली प्रश्नासारखी ऐकू येते.

सरावासाठी एखाद्या बंगाली मित्राकडून किंवा मैत्रिणीकडून ही वाक्यं सहज बोलतात तशी रेकॉर्ड करून घ्या. मग वाक्य शेवटाकडून बसवा: आधी ‘बाशि’, मग ‘भालोबाशि’, मग ‘तोमाके भालोबाशि’, शेवटी पूर्ण वाक्य. सुरुवातीपासून पाठ केलं, की शेवट कच्चा राहतो आणि नेमका तिथेच आवाज डळमळतो. शेवट जिभेवर पक्का बसला असेल, तर बोलताना आपण ओळखीच्या जागेकडे जात असतो आणि धीर टिकतो. त्यानंतर मूळ रेकॉर्डिंग लावून त्याच्या पाठोपाठ, त्याच वेगात बोला. शब्द निसटला तरी चाल सोडू नका.

रेकॉर्ड करताना कागदावर पूर्ण वाक्यं नकोत, नाहीतर पुन्हा वाचणं सुरू होतं. ‘आज’, ‘ताडाताडि’, ‘आमि’ एवढे तीनच शब्द लिहा. पंखा बंद करा. फोन तोंडासमोर न धरता वीतभर अंतरावर, जरा बाजूला धरा, म्हणजे ‘भ’चा झोत माइकवर आदळत नाही. व्हॉट्सॲपमध्ये माइकचं चिन्ह दाबून बोट वर सरकवलं, की रेकॉर्डिंग लॉक होतं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. एक श्वास सोडून मग सुरुवात करा. मध्ये अडखळलात, तर अर्ध्या शब्दापासून न जोडता तो गट पहिल्यापासून घ्या. पाठवण्याआधी एकदा ऐका, पण तिथे उच्चार मोजत बसू नका. गट सलग आले का आणि शेवट उतरला का, एवढंच तपासा.

एक अडचण उरते. वाक्यं छान जमली, तर ती खूश होऊन भरभर बंगालीत उत्तर देईल आणि तुम्हाला त्यातलं काहीच कळणार नाही. म्हणून शेवटी एवढं जोडा: ‘आमार बांग्ला ऍखोनो काँचा, आस्ते बोलो.’ माझी बंगाली अजून कच्ची आहे, सावकाश बोल. ‘आस्ते’त स हा सच राहतो, कारण त्याला त जोडलेला आहे. हे वाक्यही बाकीच्या तिघांइतकंच घोटून ठेवा, कारण पुढचं संभाषण त्याच्यावरच चालायचं आहे.