क्लिप तुटली म्हणून ती जाड करू नका

थ्री-डी प्रिंटरवर छापलेल्या डबीची क्लिप तुटली की बहुतेक जण ती थोडी जाड करून पुन्हा छापतात. दुसरी क्लिप पहिलीपेक्षाही लवकर तुटते. झाकण घट्ट झाले की पॉलिश पेपर बाहेर निघतो आणि सैल झाले की फेविक्विक. वास्तविक हे सगळे उद्योग प्रिंटर सुरू होण्याआधी, संगणकावरच्या आराखड्यात मिटवता येतात. त्यासाठी दोन गोष्टींचा अंदाज लागतो : दोन भागांमध्ये फट किती ठेवायची आणि क्लिपला वाकायला जागा किती द्यायची.

उदाहरणासाठी एक साधी डबी घेऊ. शाळांच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये वापरतात तो ‘आर्डुइनो उनो’ बोर्ड ६८.६ मिलिमीटर लांब आणि ५३.४ मिलिमीटर रुंद असतो. त्याच्यासाठी डबी करायची आहे. झाकण पट्टीपेटीसारखे वरून खाचेत सरकवायचे आणि शेवटी ‘टक्’ करून अडकायला हवे. दोन्ही बाजूंच्या खाचांमधले अंतर ६० मिलिमीटर धरू आणि झाकणाची जाडी ३ मिलिमीटर.

नवखा माणूस झाकणही बरोबर ६० मिलिमीटरचे काढतो. कागदावर ते चोख दिसते, पण हातात आल्यावर खाचेच्या तोंडाशीच अडते. कारण प्रिंटर ज्या पद्धतीने काम करतो त्यातच आहे. ०.४ मिलिमीटर भोकाच्या नोझलमधून वितळलेले प्लास्टिक धाग्यासारखे बाहेर पडते आणि खालच्या थरावर दाबले जाते. दाबला गेलेला धागा बाजूला फुगतो. त्यामुळे बाहेरची मापे किंचित वाढतात आणि आतली मापे, म्हणजे भोके आणि खाचा, किंचित आक्रसतात. झाकण वाढले आणि खाच आक्रसली, तर दोन्हीकडून जागा खाल्ली जाते. गोल भोकांत हे जास्तच जाणवते, कारण वळणावर गरम धागा आतल्या बाजूला ओढला जातो.

म्हणून फट मुद्दाम ठेवावी लागते. ०.४ च्या नोझलवर आणि नीट जुळवलेल्या मशीनवर प्रत्येक बाजूला ०.२ मिलिमीटर हा सुरुवातीला धरायला चांगला आकडा आहे. तेवढ्या फटीत भाग हाताने सरकतो, पण खुळखुळत नाही. ०.१ ला दाबून बसवावा लागतो आणि ०.३ ला आरामात सैल राहतो. आपले झाकण मग ५९.६ मिलिमीटरचे झाले. ही फट एकाच भागातून कापायची हेही आधीच ठरवून टाकावे. खाच मूळ मापाची ठेवायची आणि झाकण लहान करायचे. दोन्हीकडे थोडी थोडी फट दिली की महिन्याभराने फाईल उघडल्यावर कुठे किती दिली होती ते आठवत नाही.

उभ्या दिशेचा हिशोब वेगळा असतो. तिथे प्रिंटर थरांच्या पटीतच मोजतो. थर ०.२ चा असेल तर ०.३ ची उभी फट मागण्यात अर्थ नाही. प्रिंटर ती ०.२ किंवा ०.४ करून टाकेल. ३ मिलिमीटरच्या झाकणासाठी खाच ३.४ उंचीची धरावी. खाचेच्या वरची कड हवेत छापावी लागते, म्हणून ती सपाट न काढता ४५ अंशांत तिरपी काढायची आणि झाकणाची कडही त्याच उतारात. एवढ्या उताराला खालून आधार छापावा लागत नाही. आधार छापला नाही की तो खरवडून काढायचा प्रश्नही येत नाही.

इतके करूनही झाकण अडले, तर घासायला बसण्याआधी ते कुठे अडते ते पाहावे. फक्त सर्वांत खालची कड अडत असेल तर दोष पहिल्या थराचा असतो. तो थर गरम पृष्ठभागावर जोराने दाबला जातो आणि हत्तीच्या पावलासारखा पसरतो. छापणाऱ्यांच्या बोलण्यात त्याला ‘एलिफंट फूट’च म्हणतात. खालच्या कडेला आराखड्यातच अर्ध्या मिलिमीटरचा उतार दिला की पसरलेले प्लास्टिक त्या उतारात सामावते. झाकण एका उभ्या रेषेवरच घासत असेल, तर ती प्रत्येक थराच्या सुरुवातीची गाठ असते. स्लायसरमध्ये ती रेषा मागच्या, कुठेही न घासणाऱ्या कोपऱ्यात हलवता येते. झाकण सगळीकडून सारखेच घट्ट असेल, तर प्रिंटर गरजेपेक्षा जास्त प्लास्टिक सोडतो आहे. तेव्हा फट वाढवण्याऐवजी आधी प्रवाह जुळवायचा.

आपल्याकडे पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, आणखी एक भर पडते. उघडे राहिलेले फिलामेंट हवेतला ओलावा पितो. पीईटीजी आणि नायलॉनमध्ये तो ओलावा नोझलपाशी वाफ होऊन बुडबुडे, धागे आणि गाठी सोडतो. मे महिन्यात छान सरकणारी डबी जुलैमध्ये अडते. अशा वेळी फाईल बदलू नये, फिलामेंट वाळवावे.

आता क्लिप. बॅगेच्या पट्ट्यावर दोन बाजूंनी दाबून सोडायचे प्लास्टिकचे बकल असते, तीच रचना इथे घेऊ. झाकणाच्या पुढच्या कडेतून दोन पट्ट्या बाहेर काढायच्या, प्रत्येकीच्या टोकाला बाहेरच्या बाजूने हूक ठेवायचा आणि डबीच्या भिंतींना दोन खिडक्या ठेवायच्या. झाकण आत सरकवताना पट्ट्या आतल्या बाजूला वाकतात, हूक खिडकीसमोर आले की पट्ट्या सरळ होतात आणि झाकण अडकते. उघडताना दोन्ही खिडक्यांतून हूक दाबायचे.

पट्टी वाकते तेव्हा तिच्या एका अंगाचे प्लास्टिक ताणले जाते आणि दुसऱ्या अंगाचे दाबले जाते. हा ताण सर्वांत जास्त असतो तो बुडाशी, जिथे पट्टी झाकणाला जोडलेली असते. एका टोकाला पक्क्या बसवलेल्या पट्टीसाठी अभियंते वापरतात ते सूत्र छोटे आहे :

```
ताण = १.५ × जाडी × वाक ÷ (लांबी × लांबी)
```

इथे ताण म्हणजे बुडाचे प्लास्टिक मूळ लांबीच्या मानाने किती ताणले जाते ते; शंभराने गुणले की टक्केवारी मिळते. पीएलए या नेहमीच्या प्लास्टिकमध्ये वारंवार उघडायच्या क्लिपसाठी हा आकडा एक-सव्वा टक्क्याच्या आत ठेवावा. पीईटीजी साधारण दुप्पट सोसते.

आपल्या पट्टीची जाडी १.६ मिलिमीटर धरू, म्हणजे नोझलच्या चार ओळी एकमेकींना चिकटून बसतील आणि आत पोकळी राहणार नाही. हूक १.२ मिलिमीटर बाहेर आलेला आहे. त्यातले ०.२ फटीत जातात, म्हणून पट्टीला प्रत्यक्षात १ मिलिमीटर वाकावे लागते. पट्टी ८ मिलिमीटर लांब ठेवली तर ताण येतो ३.७५ टक्के. पीएलएची पट्टी हे फार वेळ सोसणार नाही. आता ‘मजबूत’ करायची म्हणून जाडी २.४ केली, तर ताण ५.६ टक्क्यांवर जातो. शिवाय ती वाकवायला सव्वातीन पटींहून अधिक जोर लागतो, कारण जोर जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. सुरुवातीला सांगितलेली दुसरी क्लिप लवकर का तुटते त्याचे उत्तर या गणितात आहे.

जाडी १.६ च ठेवून लांबी १६ मिलिमीटर केली की ताण ०.९४ टक्क्यावर येतो. लांबी दुप्पट केली तर ताण चौथाई होतो. जागाच नसेल तर पट्टी बुडाशी १.६ आणि टोकाशी ०.८ अशी निमुळती करावी. ताण तेवढाच राहून ती सुमारे १.६ पट जास्त वाकू शकते, कारण मग सगळा भार एकट्या बुडावर येत नाही. बुडाचा आतला कोपरा काटकोनात सोडू नये, त्याला ०.८ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई द्यावी. टोकदार कोपऱ्यातूनच चीर सुरू होते.

गणित बरोबर असूनही क्लिप पहिल्याच दाबाला तुटली, तर तुटलेली जागा निरखून पाहावी. ती सपाट, गुळगुळीत असेल, तर प्लास्टिक तुटलेले नसून थर एकमेकांपासून सुटलेले आहेत. हा दोष उभ्या छापलेल्या क्लिपचा असतो. झाकणावर खांबासारखी उभी छापलेली क्लिप वाकते तेव्हा ताण थरांना एकमेकांपासून ओढतो, आणि तिथला जोड धाग्याच्या लांबीतल्या ताकदीपेक्षा बराच दुबळा असतो. तुटलेली जागा खडबडीत आणि पांढरट असेल तर मात्र पट्टी खरोखरच मर्यादेबाहेर वाकली आहे. आपल्या पट्ट्या झाकणाच्या पातळीतच आडव्या आहेत. त्यामुळे धागे बुडापासून टोकापर्यंत सलग जातात, आणि हूक आडवाच असल्याने त्यालाही आधार लागत नाही. माझ्या मते घरच्या प्रिंटरवर क्लिप करायची असेल तर सर्वांत आधी ठरवायची गोष्ट हीच : भाग टेबलावर कसा निजवायचा. बाकीची मापे नंतर.

हूकच्या पुढच्या उताराचा कोन ३० अंशांच्या आसपास असावा, म्हणजे झाकण सहज आत जाते. मागचा उतार ४५ अंशांचा ठेवला तर झाकण जोर लावून ओढूनही निघते. ९० अंशांचा ठेवला तर खिडकीतून दाबल्याशिवाय निघत नाही. खिडकी हूकपेक्षा ०.३ मिलिमीटरने मोठी हवी. झाकण बंद असताना पट्टी पूर्ण सरळ, निवांत असली पाहिजे. ती अर्धवट वाकलेली राहिली तर पीएलए हळूहळू त्याच आकाराला रुळते आणि काही आठवड्यांत पकड जाते. उन्हात उभ्या गाडीत तर त्याहून लवकर, कारण साठ अंश सेल्सिअसच्या आसपास पीएलए मऊ पडू लागते.

ही सगळी मापे माझ्या किंवा कुणाच्याही मशीनवरून जशीच्या तशी उचलू नयेत. आधी एक छोटी चाचणीपट्टी छापावी : ३ मिलिमीटरची एक जीभ, आणि ३.१ पासून ३.५ पर्यंतच्या पाच खाचा. जीभ ज्या खाचेत हवी तशी सरकते, तो तुमच्या मशीनचा आकडा. भाग ज्या दिशेने छापायचा त्याच दिशेने ही पट्टी छापावी, आणि फिलामेंटचा प्रकार किंवा कंपनी बदलली की पुन्हा छापावी. क्लिपचेही तसेच. अख्खी डबी न छापता एक पट्टी आणि भिंतीचा खिडकीपुरता तुकडा छापून पाहावा.

रोज उघडायचे झाकण असेल तर पीएलए सोडून पीईटीजी घ्यावे. आणि डबी टांगायची असेल, तिच्यावर सतत वजन येणार असेल, तर क्लिपचा हट्ट सोडून सरळ स्क्रू लावावेत.