ब्लॉगची गर्दी आणि होस्टिंगची कुवत

होस्टिंग कंपन्यांच्या जाहिरातीत ‘महिन्याला इतक्या वाचकांपर्यंत हा प्लॅन, त्यापुढे तो’ असा तक्ता असतो. ब्लॉग वाढू लागला की लिहिणारा आपला आकडा त्यात शोधतो आणि वरच्या प्लॅनचे पैसे भरून मोकळा होतो. तक्त्यातली गोम अशी, की सर्व्हरला महिना कळत नाही. त्याला कळतो तो या क्षणी दारात उभा असलेला वाचक. महिन्याला ६०,००० पाने वाचली जातात म्हणजे सरासरी मिनिटाला दीड पानसुद्धा नाही. एवढ्याने स्वस्तातले होस्टिंगही दमत नाही. ते दमते एकदम उसळणाऱ्या गर्दीने.

समजा, वर्डप्रेसवर चालणारा मराठी पाककृतींचा ब्लॉग आहे. एरवी दिवसाला २,००० पाने. गणेश चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी मात्र उकडीच्या मोदकांवर झुंबड उडते आणि तासाला ६,००० पाने मागितली जातात, म्हणजे सेकंदाला पावणेदोनच्या आसपास. ब्लॉग शेअर्ड होस्टिंगवर आहे. तिथे एकाच यंत्रावर शेकडो साइट्स नांदतात आणि कुणी एकाने सगळे यंत्र खाऊ नये म्हणून प्रत्येक खात्याला मर्यादा घातलेली असते. अशा अनेक सर्व्हरवर क्लाउडलिनक्स असते. एका खात्याला प्रोसेसरचा एक कोअर आणि एका वेळी २० ‘एंट्री प्रोसेस’ ही त्यातली नेहमीची मर्यादा. कंपन्या ती प्लॅनप्रमाणे कमीजास्त करतात. ‘अनलिमिटेड’ हे विशेषण बहुधा डिस्कला आणि बँडविड्थला लावलेले असते, या मर्यादेला नाही.

आता हिशेब करू. वर्डप्रेस प्रत्येक पान मागणी आल्यावर नव्याने जुळवते: पीएचपीचा कोड चालतो, डेटाबेसमधून मजकूर येतो, प्लगिन आपापला हात फिरवतात. याला प्रोसेसरचा अर्धा सेकंद लागतो असे धरले, तर सेकंदाला पावणेदोन पानांनी कोअरचा पाऊण भागाहून अधिक वेळ खाल्ला. त्यात सर्च इंजिनांचे बॉट आले की कोअर संपला. इथून पुढची घसरण झपाट्याची असते. अर्ध्या सेकंदाचे पान पाच सेकंद घेऊ लागते, अर्धवट झालेली पाने साचतात, साचता साचता वीस होतात आणि एकविसाव्या वाचकाला `508 Resource Limit Is Reached` अशी पाटी दिसते. म्हणून ब्लॉग हळूहळू मंदावत नाही. सात वाजता बरा असतो आणि सव्वासातला आडवा होतो.

यावर लगेच मोठा प्लॅन घेणे मला घाईचे वाटते. मोदकांची कृती सगळ्यांना तीच दाखवायची आहे. मग दर गिऱ्हाइकाला नवा चहा उकळण्यापेक्षा थर्मासमधला ओतून द्यावा, हेच पेज कॅशिंगचे काम. तयार पान साठवून ठेवले की पीएचपी आणि डेटाबेस जागे करावे लागत नाहीत आणि त्याच शेअर्ड प्लॅनवर ती संध्याकाळ सहज निभते. कॅश खरेच चालू आहे का, हे ब्राउझरच्या प्रायव्हेट विंडोमध्ये तपासावे. F12 दाबून `Network` उघडा, पान पुन्हा लोड करा, पहिल्या ओळीच्या `Timing` मध्ये `Waiting for server response` पाहा. ०.८ सेकंदाच्या आत असेल तर ठीक. प्रायव्हेट विंडो अशासाठी, की लॉगिन केलेल्या मालकाला सहसा कॅशमधले पान मिळतच नाही. त्याला साइट संथ वाटते आणि वाचकांना वेगवान. नुसत्या त्या भासापायी प्लॅन बदलणारे लोक आहेत.

मग वर कधी जायचे? कॅशच्या आवाक्याबाहेरचे काम वाढले की. साइटवरचा शोध, सभासदांचे लॉगिन, ऑर्डरची टोपली ही पाने प्रत्येकासाठी वेगळी असतात, ती साठवून देता येत नाहीत. याच ब्लॉगने दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डर घ्यायला सुरुवात केली तर तीस जण एकाच वेळी पैसे भरत असतील आणि तिथे वीसची मर्यादा खरोखर आडवी येईल. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये `Resource Usage` नावाचे पान असते. कॅश नीट चालू असूनही तिथे साध्या आठवड्यातसुद्धा मर्यादेला धडक दिसत असेल, तर जागा खरोखर अपुरी पडते आहे.

पुढची पायरी म्हणून बहुतेकांना व्हीपीएस सुचतो. त्यात यंत्राचा ठरावीक वाटा, ठरावीक रॅम आणि संपूर्ण ताबा मिळतो. छोट्या व्हीपीएसचे भाडे शेअर्डच्या आसपासच असते, आणि मोह तिथेच होतो. पण स्वस्त व्हीपीएसबरोबर राखणदार येत नाही. सुरक्षेचे अपडेट, फायरवॉल, बॅकअप, सगळे तुमच्याकडे. एक जीबी रॅमचा हिशेब पाहा: ऑपरेटिंग सिस्टिमला साधारण २०० एमबी, डेटाबेसला ३००, उरले ५००. पीएचपीची एक प्रक्रिया ६० एमबी घेत असेल तर एका वेळी आठ चालतील. गर्दीत अडखळते म्हणून कुणी `pm.max_children` हा आकडा आठचा पन्नास करतो. पुढच्या गर्दीत रॅम संपते, लिनक्स मेमरी सोडवण्यासाठी सर्वांत जाड प्रक्रिया ठार करते, आणि ती बहुधा डेटाबेसची असते. वाचकाला दिसते `Error establishing a database connection`. शेअर्डवर गर्दी ओसरली की साइट आपोआप उठली असती. इथे डेटाबेस आपोआप सुरू होण्याची सोय केलेली नसेल तर कुणीतरी जागे होऊन तो सुरू करावा लागतो. लिनक्सची टर्मिनल ज्याला परकी आहे, त्याने एक जीबीचा व्हीपीएस घेणे ही माझ्या मते पदावनती आहे.

अशा माणसासाठी मॅनेज्ड होस्टिंग. महाग असते, पण त्यात अपडेट, रोजचा बॅकअप, सर्व्हरवरच बसवलेले कॅशिंग आणि बदल आधी करून पाहायला साइटची चाचणी प्रत मिळते. नावाला मात्र भुलू नये. वर्डप्रेस आधीच बसवून दिलेल्या साध्या शेअर्ड प्लॅनलाही ‘मॅनेज्ड’ म्हणून विकले जाते. विकणाऱ्याला विचारावे: एका वेळी किती पीएचपी वर्कर मिळतील, भेटींचा आकडा ओलांडला तर जादा पैसे घेणार की साइट बंद करणार, आणि प्लगिन बिघडला तर तो तुम्ही पाहणार की मी? जाहिरातीतला दर पहिल्या मुदतीपुरता असतो, नूतनीकरणाचा दर आणि १८ टक्के जीएसटी धरूनच तुलना करावी.

हलवायचे ठरले तर सणाच्या आठवड्यात नको. एक-दोन दिवस आधी डीएनएसमधला टीटीएल ३०० सेकंदांवर आणावा, म्हणजे नवा पत्ता लवकर पसरतो. नव्या जागी साइट तपासून मगच पत्ता बदलावा आणि जुने खाते निदान आठवडाभर चालू ठेवावे. ते बंद करण्याआधी ईमेलचे पाहावे. शेअर्ड प्लॅनबरोबर ब्लॉगच्या नावाचे ईमेल बहुधा फुकट येते, कित्येक मॅनेज्ड कंपन्या ते देतच नाहीत, आणि साध्या व्हीपीएसवर ते स्वतः उभारावे लागते. साइट नव्या घरी छान चालत असते, एमएक्स नोंद जुन्याच सर्व्हरकडे बोट दाखवत असते, आणि खाते बंद केल्या दिवसापासून फराळाच्या ऑर्डरींची पत्रे पाठवणाऱ्याकडे परत जाऊ लागतात.