शून्य टक्के म्हणजे धरण रिकामं?

मे महिन्यात वडीगोद्रीहून मामांनी व्हॉट्सॲपवर जायकवाडीच्या साठ्याचा आलेख पाठवला. नुसता फोटो, प्रश्न काहीच नाही. रेघ उतरत उतरत शून्याला टेकलेली.

आता सांगायचं काय? पाणी घटतंय हे त्यांना कालव्याकडं बघूनच कळतं. आकडे तपासावेत तर फोटोवर तारीखच नव्हती. ती मी विचारून ठेवली. पण खरी गोची त्या शून्यात होती, म्हणून आधी आलेख वाचायचा कसा तेच सांगितलं.

ही टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते, म्हणजे साधारण ७६ टीएमसीची. त्याखाली २६ टीएमसी मृतसाठा वेगळा. (गाळ धरला तर प्रत्यक्षात थोडं कमीच.) समजा आलेखात ५० टक्के दिसलं, तर धरणात ३८ अधिक २६, असं ६४ टीएमसी पाणी असतं. एकूण १०२ च्या हिशेबानं ते ६२-६३ टक्के भरतं. दोन्ही आकडे बरोबर, फक्त मोजायची पट्टी वेगळी. आणि शून्यावर कालव्याला सहसा पाणी सुटत नाही, पण पिण्यासाठी मृतसाठ्यातून पंपानं उचलता येतं.

लगेच मामांचा फोन. "म्हणजे प्यायला पाणी आहे ना? मला तेवढंच विचारायचं होतं रे."