नव्या स्विचमागची जुनी वायर

माझ्या भाचीने पुण्यात १९८८ साली बांधलेल्या एका इमारतीत फ्लॅट पसंत केला. रंग ताजा, स्विच नवे, दारामागे एमसीबीचा चकचकीत बोर्ड. टोकन देण्याआधी मालकांची परवानगी काढून आम्ही परवानाधारक वायरमनला सोबत नेलं.

मेन बंद करून त्याने बोर्डाचं झाकण काढलं. गीझरच्या लाइनला ३२ अँपिअरचा एमसीबी होता. त्याच्यातून निघालेली वायर मात्र दीड चौरस मिलिमीटरची, तीही ॲल्युमिनियमची. एमसीबी असतो तो मुख्यतः वायरीच्या रक्षणासाठी. ही वायर जेमतेम दहा-बारा अँपिअर सोसेल. तिच्यातून पंचवीस वाहिले तरी ३२ चा एमसीबी पडणार नाही आणि आवरण भिंतीतल्या पाइपात करपत राहील. लहान एमसीबी सारखा पडत होता म्हणून कुणीतरी मोठा बसवला असावा, असं वायरमन म्हणाला. मला हा दोष सगळ्यांत घातक वाटतो, कारण बाहेरून बोर्ड अगदी नीट दिसतो.

मग अर्थिंग. त्याने वीज सुरू करून स्वयंपाकघरातल्या सॉकेटला मल्टिमीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३२ व्होल्ट, फेज आणि अर्थमध्येही २३२, न्यूट्रल आणि अर्थमध्ये शून्य. भाची म्हणाली, "मामा, हे तरी बरं निघालं!" वायरमनने गीझर चालू करून पुन्हा मोजलं, तरी शून्यच. त्याला शंका आली ती इथेच. न्यूट्रलमधून प्रवाह वाहत असताना खऱ्या अर्थशी त्याचा थोडा फरक पडतोच, एखाद-दोन व्होल्टचा का होईना. मेन पुन्हा बंद करून सॉकेट उघडला, तर अर्थची पिन वायरीच्या तुकड्याने न्यूट्रललाच जोडलेली. अर्थची वायर तिथवर आलेलीच नव्हती.

अशा घरात मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर फ्रिजच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी होता आणि त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर तो पडतही होता. पण ते बटण आरसीसीबीचीच तपासणी करतं, अर्थिंगची नाही. शिवाय या जोडणीत पत्र्यावर गळलेला प्रवाह न्यूट्रलमधूनच परत जातो, म्हणून आरसीसीबीला गळतीचा पत्ताच लागत नाही.

पूर्ण घराच्या नव्या वायरिंगचा अंदाज लेखी घेऊन भाचीने तेवढी किंमत कमी करून मागितली. अर्थचा खड्डा सोसायटीच्या आवारात असतो. तो शेवटचा कधी तपासला, हे तिने सचिवांना लेखी विचारलं. तुम्हीही टोकनचा चेक लिहिण्याआधी वायरमनकडून बोर्डाचं झाकण आणि निदान एक सॉकेट उघडून घ्या.