प्रकल्पाचा हिशेब : भाग ७
बांधकाम काळातले व्याज एकदाच मोजा

मागच्या आठवड्यात आपण डिस्काउंटेड कॅश फ्लो पाहिला. तो वापरताना बँकेच्या मूल्यांकन अहवालातली एक ओळ हमखास चुकवते : ‘बांधकाम काळातील व्याज’, म्हणजेच आयडीसी.

एखादा साखर कारखाना आसवनी उभारतोय असे धरू. यंत्रे, बांधकाम मिळून खर्च १०० कोटी, दोन वर्षांत निम्मा-निम्मा. कर्ज ७० टक्के, बाकी स्वतःचे भांडवल, व्याजदर १० टक्के. उत्पादन सुरू होईपर्यंत व्याज भरायला उत्पन्न नसते, म्हणून बँक ते व्याजही प्रकल्प खर्चात धरते आणि त्यालाही ७०:३० लावते. त्यामुळे हिशेब फिरत राहतो : व्याज कर्जावर, कर्ज खर्चावर, आणि खर्चात पुन्हा व्याज. पहिल्या वर्षी सरासरी कर्ज १७.५ कोटी, व्याज १.७५ कोटी. ते खर्चात मिळवले की कर्ज किंचित वाढते आणि व्याज १.८१ कोटींवर स्थिरावते. दुसऱ्या वर्षी जुन्या कर्जाचे पूर्ण वर्षाचे व्याज धरून ५.५७ कोटी. म्हणजे प्रकल्प खर्च १०७.३८ कोटी आणि कर्ज सुमारे ७५.१७ कोटी. हप्ते आणि डीएससीआर याच कर्जावर काढायचे. बँकेचे इथपर्यंत सगळे बरोबर आहे.

चूक होते ती हाच १०७.३८ कोटींचा आकडा संपूर्ण प्रकल्पाच्या कॅश फ्लोमध्ये उतरवल्यावर. सोयीसाठी डिस्काउंट दरही १० टक्केच घेऊ. बांधकामाचे १०० कोटी, प्रत्येक वर्षाच्या मध्यावर खर्च झाले असे मानून, उत्पादन सुरू होण्याच्या तारखेला आणले तर ११०.१ कोटी होतात. वरचे १०.१ कोटी ही पैसा अडकून राहिल्याची किंमत, ती दराने आधीच वसूल केली आहे. आयडीसीसह तेच गणित केले तर ११८ कोटी येतात. पुढच्या उत्पन्नाचे त्या तारखेचे मूल्य ११५ कोटी असेल, तर पहिल्या हिशेबाने प्रकल्प पाच कोटी फायद्यात आणि दुसऱ्याने तीन कोटी तोट्यात! चांगला प्रकल्प नाकारायला एवढी चूक पुरते.

प्रवर्तकाचा परतावा काढताना मात्र आयडीसी वगळायची नाही. तिथे त्याने घातलेले भांडवल, म्हणजे १०७.३८ कोटींचे ३० टक्के, बाहेर जाते आणि नंतर हप्ते व व्याज जातात. तो प्रवाह वेगळा आणि त्याचा डिस्काउंट दरही वेगळा, भागधारकाच्या अपेक्षेइतका.

उत्पादन एक वर्ष लांबले तर ७५ कोटींवर आणखी साडेसात कोटी व्याज चढते, म्हणजे आधीच्या दोन वर्षांच्या एकूण आयडीसीपेक्षाही जास्त. म्हणून अहवाल हाती आला की दोन गोष्टी आधी तपासा : आयआरआरच्या तक्त्यात खर्चाचा आकडा आयडीसीसह आहे की वगळून, आणि बांधकाम किती महिन्यांचे धरले आहे.