स्पर्शबिंदू आणि समतोल : समवृत्ती वक्रांविषयी थोडेसे

मागच्या वेळी आपण उपयोगिता म्हणजे काय इथपर्यंत आलो होतो. आज समवृत्ती वक्र, अंदाजपत्रक रेषा आणि उपभोक्त्याचा समतोल हे तीन विषय घ्यायचे आहेत. व्यावसायिक अर्थशास्त्राच्या पेपरात यावर हमखास प्रश्न असतो, आणि उत्तरही ठरलेलं असतं : "जिथे अंदाजपत्रक रेषा समवृत्ती वक्राला स्पर्श करते तिथे समतोल." वाक्य चुकीचं नाही, पण त्यात लक्षणाला रोग म्हटलंय. ते कसं, हे सांगण्यासाठीच आजचा तास.

आधी नावाबद्दल. या वक्राला काही पुस्तकं समवृत्ती वक्र म्हणतात, काही तटस्थता वक्र. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. नदी कुठे का वाहेना, त्याला फरक पडत नाही. पण इथला माणूस काही विरक्त नाही बरं का. त्याला चहाही हवाय आणि वडापावही हवाय. दोन विशिष्ट जोड्यांपैकी कुठलीही मिळाली तरी त्याला सारखंच वाटतं, एवढाच 'तटस्थ'चा अर्थ. म्हणून मी समवृत्ती हाच शब्द वापरतो.

आता एक विद्यार्थी घ्या. वसतिगृहात राहतो, आठवड्याला वरखर्चाचे २०० रुपये आहेत आणि ते तो कॅन्टीनमध्ये दोनच गोष्टींवर घालवतो. वडापाव २० रुपये, कटिंग चहा १० रुपये. वडापाव आडव्या अक्षावर घ्या, चहा उभ्या अक्षावर. सगळे पैसे चहावर घातले तर २० चहा, सगळे वडापाववर घातले तर १० वडापाव. हे दोन बिंदू सरळ रेषेने जोडले की झाली अंदाजपत्रक रेषा. या रेषेत मुलाच्या आवडीनिवडीचा काहीही संबंध नाही, हे लक्षात ठेवा. ती बाजाराची रेषा आहे. तिचा उतार एवढंच सांगतो की एक वडापाव हवा असेल तर दोन चहा सोडावे लागतील.

आवडनिवड दुसरीकडून येते. आपण त्या मुलाला "तुला चहातून किती समाधान मिळतं?" असं विचारत नाही. तसं विचारलं तर तो काय सांगणार? सतरा? समाधान मोजायचं एकक कुणाकडेच नाही. एजवर्थने १८८१ मध्ये असे वक्र प्रथम मांडले, तेव्हा उपयोगिता मोजता येते असंच तो धरून चालला होता. पुढे पॅरेटोने गाडी उलटी फिरवली : मोजमाप सोडा, माणूस काय अधिक पसंत करतो तेवढं कळलं तरी पुरे. १९३४ मध्ये हिक्स आणि ॲलन यांनी त्याची पद्धतशीर मांडणी केली आणि तीच आज तुमच्या पुस्तकात आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाला ही चाल फार आवडते. ज्याचं उत्तर देता येत नाही तो प्रश्न टाकून दिला आणि ज्याचं देता येतं तो ठेवला.

तर आपण त्याला फक्त एवढंच विचारायचं : "ही जोडी बरी, ती बरी, की दोन्ही सारख्या?" समजा, तो म्हणाला, २ वडापाव नि १६ चहा, ४ वडापाव नि ८ चहा, ८ वडापाव नि ४ चहा, या तिन्ही मला सारख्याच. हे तीन बिंदू जोडा. वक्र मूळबिंदूकडे फुगलेला दिसेल. का? दोनाचे चार वडापाव करायला तो ८ चहा सोडतोय, म्हणजे एका वडापावमागे सरासरी ४. चाराचे आठ करायला मात्र फक्त ४ सोडतोय, म्हणजे एकामागे १. वडापाव वाढत गेले तशी त्यांच्यासाठी चहा सोडायची तयारी कमी झाली. यालाच सीमांत पर्यायता दर घटतो असं म्हणतात. दोन वक्र एकमेकांना छेदत का नाहीत, ते मी सांगत बसत नाही. छेदले तर कमी आणि जास्त सारखंच मानावं लागेल, इतकं सोपं आहे ते.

आता रेषा आणि वक्र एकाच आकृतीत आणू. समजा, मुलगा सवयीने २ वडापाव आणि १६ चहा घेतोय. ४० आणि १६० मिळून २०० रुपये, म्हणजे हिशेब बरोबर, पैसे सगळे संपले. अनेक विद्यार्थी इथेच थांबतात : पैसे संपले म्हणजे समतोल. पण वक्रावरचा मधला बिंदू बघा, ४ वडापाव आणि ८ चहा. मुलगा म्हणालाय की तेवढंच समाधान आहे. त्याला खर्च किती? ८० आणि ८०, म्हणजे १६० रुपये! तेच समाधान ४० रुपये कमी देऊन मिळत होतं. २ आणि १६ वर बसलेला हा मुलगा, स्वतःच्याच आवडीच्या हिशेबाने, ४० रुपये वाया घालवतोय. दुसऱ्या टोकाला ८ आणि ४ ची जोडी घेतली तरी तेच. तीही २०० रुपयांचीच.

कारण सरळ आहे. २ वडापाव असताना तो आणखी एकासाठी चार-चार चहा सोडायला तयार आहे आणि बाजार मागतोय फक्त दोन. असा सौदा कोण सोडेल? तो वडापावकडे सरकेल. ८ वडापाव असताना त्याची तयारी एका चहाचीही नसेल, तरी बाजार दोन घेतोच. तिथून तो मागे येईल. येऊन थांबेल कुठे? आपल्या मुलाच्या बाबतीत ५ वडापाव आणि १० चहांवर. तिथे पाचाचे सहा करायला तो दोनपेक्षा थोडे कमीच चहा सोडेल आणि पाचाचे चार करायचे असतील तर दोनपेक्षा थोडे जास्त मागेल. बाजार दोन्ही बाजूंना नेमके दोनच देतो-घेतो. मग हलण्यात फायदा कशाला? आकृतीत हाच तो स्पर्शबिंदू. त्याची तयारी आणि बाजाराचा भाव तिथे जुळले.

इथपर्यंत पुस्तकाप्रमाणे झालं. आता अडचणीकडे येऊ.

समजा वडिलांना वाटलं, पोरगं नुसतं चहाच पितंय, खात नाही. म्हणून त्यांनी २०० रुपये रोख देण्याऐवजी १२० रुपये रोख दिले आणि ४ वडापावांची कुपनं दिली. एकूण किंमत तीच, २००. मुलगा काय करेल? चार कुपनं वापरेल, वीस रुपये देऊन पाचवा वडापाव घेईल आणि उरलेल्या शंभरात १० चहा पिईल. पुन्हा ५ आणि १०! कुपनाने काहीच बदललं नाही, कारण चार वडापाव तो तसेही खाणारच होता. वडिलांना मात्र समाधान की मुलगा माझ्या कुपनावर जेवतोय.

आता वडील जास्तच चिंतेत पडले. त्यांनी ४० रुपये रोख आणि ८ वडापावांची कुपनं दिली. किंमत पुन्हा २००च. कुपनाच्या बदल्यात चहा मिळत नाही. त्यामुळे मुलाला कसंही करून ४ चहांच्या वर जाता येत नाही. अंदाजपत्रक रेषा आता सरळ राहत नाही. ४ चहांच्या उंचीवर ती आडवी जाते, ८ वडापावांपाशी मोडते आणि तिथून नेहमीच्या उताराने खाली येते. मुलगा कुठे थांबेल? त्या मोडीवरच, ८ आणि ४ वर. त्याहून चांगलं त्याला काहीच परवडत नाही. म्हणजे हा त्याचा समतोल आहे. पण स्पर्श कुठे आहे? तिथे कोपरा आहे, दोन्ही उतार जुळतच नाहीत. एका वडापावसाठी एक चहा सोडायचीही त्याची तयारी नाही, बाजारभाव दोनाचा, तरी तो हलू शकत नाही.

म्हणून म्हटलं, स्पर्श हे लक्षण आहे. समतोल म्हणजे परवडणाऱ्या जोड्यांपैकी सर्वांत वरच्या वक्रावरची जोडी. रेषा सरळ असेल आणि दोन्ही वस्तू थोड्या थोड्या घेतल्या जात असतील, तर ती स्पर्शबिंदूवर सापडते, नाहीतर कोपऱ्यात. ज्याला वडापाव आवडतच नाही तो सगळे पैसे चहावर घालतो, त्याचा समतोल अक्षावर असतो. परीक्षेत आकृती काढताना आधी रेषेला मोड आहे का ते बघा, मग स्पर्शबिंदू शोधा.

आणि या कोपऱ्याची किंमत रुपयांत काढता येते. ८ आणि ४ ज्या वक्रावर आहे त्याच वक्रावर ४ आणि ८ आहे, १६० रुपयांना. वडिलांनी २०० खर्च केले, मुलाला १६० रोख मिळाल्याइतकंच वाटलं.

आता वडापाव बाजूला ठेवा आणि रेशनचं धान्य घ्या. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य गटातल्या कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य आहे. धान्याऐवजी बँकेत पैसे द्यावेत का, हा वाद जुना आहे. चंदीगड आणि पुद्दुचेरीत २०१५ पासून तसा प्रयोगही सुरू झाला. आपली आकृती काय सांगते? जे कुटुंब रेशनशिवाय आणखी तांदूळ-गहू बाजारातून विकत घेतं, ते चार कुपनांवाल्या मुलासारखं आहे. त्याला धान्य काय नि तेवढ्या किमतीचे पैसे काय, सारखंच. ज्या कुटुंबाला मिळालेलं धान्य गरजेपेक्षा जास्त होतं, ते कोपऱ्यावर आहे. तिथे रोख रक्कम वरचढ. असं कुटुंब पुष्कळदा उरलेला तांदूळ विकतं. आपण त्याला गैरप्रकार म्हणतो, आकृतीच्या भाषेत ते कोपऱ्यातून बाहेर पडायची धडपड करतंय.

पण इथेच घाई करू नका. आपण दोन गोष्टी गुपचूप धरल्या होत्या. एक, घराला एकच मन आहे. वडिलांच्या गोष्टीत मन मुलाचं होतं, पण कुटुंबात वक्र कुणाचा काढायचा? पैसे ज्याच्या हातात येतात त्याचा, की जी रोज चूल पेटवते तिचा? धान्य घरात आलं की ते शिजतं, पैशाचं तसं सांगता येत नाही. हा प्रश्न आकृतीत बसत नाही म्हणून तो प्रश्नच नाही, असं होत नाही.

दुसरी गोष्ट, किंमत स्थिर आहे. समजा वडापाव २५ रुपये झाला. ४ वडापावांचं कुपन ज्याच्या हातात आहे त्याला अजूनही चारच मिळतात. ज्याला त्याबदली ८० रुपये दिले होते त्याला तीन मिळतात आणि पाच रुपये उरतात. किलोंत ठरलेला हक्क आणि रुपयांत ठरलेला हक्क हे भाव स्थिर असेपर्यंतच सारखे. पुढच्या तासाला किंमत बदलली की रेषा कशी फिरते ते घेणार आहोतच. त्याआधी २५ रुपयांचा भाव धरून, रोख २०० रुपयेवाल्याची आणि चार कुपनं अधिक १२० रुपयेवाल्याची, अशा दोन्ही रेषा घरी एकाच कागदावर काढून आणा.