‘काय’ची ‘गाय’ होते तेव्हा

मोबाइलवर आपण ‘काय’ असं टाइप करतो तेव्हा पडद्यावर अक्षरं उमटतात, पण आत साठवले जातात ते आकडे. युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक आहे U+0915 आणि ‘ग’चा U+0917. यातला फक्त शेवटचा अंक शून्य-एकमध्ये लिहिला तर ‘क’साठी ०१०१ आणि ‘ग’साठी ०१११ मिळतात. दोन्हींत फरक एकाच जागेचा. तेवढ्या एका बिटाने, म्हणजे शून्य किंवा एक साठवणाऱ्या एका घराने, आपली किंमत बदलली की ‘काय’ची ‘गाय’ होते. संगणकाला त्यात वावगं वाटण्याचं कारणच नाही; त्याच्या दृष्टीने दोन्ही आकडे सारखेच धडधाकट.

असा बिट खरोखर उलटतो का? उलटतो. मेमरीच्या चिपमध्ये प्रत्येक बिट म्हणजे विजेचा अगदी सूक्ष्म साठा असतो. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणात तयार झालेला एखादा कण, किंवा चिपच्या आवरणातल्या किरणोत्सारी अंशातून निघालेला कण त्याला धडकला, की साठा बिघडतो आणि शून्याचा एक किंवा एकाचा शून्य होतो. २००३ साली बेल्जियममधल्या स्कारबेक इथल्या निवडणुकीत एका उमेदवाराच्या नावावर ४०९६ मतं जास्त लागली. प्रत्यक्षात मिळू शकतील त्यापेक्षा तो आकडा मोठा होता, म्हणून फेरमोजणी झाली आणि चूक सापडली. ४०९६ म्हणजे दोनचा बारावा घात. एक बिट उलटल्यावर पडतो नेमका तेवढाच फरक पडला होता, म्हणून मेमरीतला बिट आपोआप उलटला असावा असा निष्कर्ष निघाला. चूक खालच्या एखाद्या बिटात झाली असती आणि फरक चार-आठ मतांचा असता, तर ती कुणाच्या लक्षात आली असती असं मला वाटत नाही.

चूक पकडायची जुनी आणि साधी युक्ती म्हणजे पॅरिटी. माहितीच्या बिटांसोबत एक जादा बिट ठेवायचा आणि तो असा निवडायचा, की सगळे मिळून एकांची संख्या सम यावी. ०१०१ मध्ये दोन एक आहेत, संख्या सम आहे, म्हणून जादा बिट शून्य. वाचताना ०१११ आणि शून्य असं हाती आलं, तर एक तीन भरतात. तीन विषम, म्हणजे काहीतरी बिघडलंय.

पण कुठे बिघडलंय? पाचांपैकी कोणताही बिट उलटला तरी उत्तर एकच येतं: विषम. शिवाय दोन बिट एकदम उलटले, तर संख्या पुन्हा सम होते आणि चूक सुखरूप निसटते. तारेवरून आलेल्या संदेशात चूक दिसली तर निदान ‘पुन्हा पाठवा’ असं सांगता येतं. मेमरीत साठवलेल्या आकड्याची दुसरी प्रतच नसेल, तर विचारायचं कुणाला?

हा प्रश्न १९४७ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये रिचर्ड हॅमिंग या गणितज्ञाला छळत होता. तिथलं गणनयंत्र विद्युत रिलेंवर चालायचं. आपल्याच कामातली चूक ओळखण्याची सोय त्यात होती. कामाच्या दिवशी चूक आढळली की यंत्र थांबायचं, दिवे लागायचे आणि चालक येऊन दुरुस्ती करायचे. हॅमिंग यांची गणितं मात्र शनिवार-रविवारी, यंत्राजवळ कुणी नसताना लागायची. तेव्हा चूक आली की यंत्र ते गणित अर्धवट सोडून पुढच्याकडे वळायचं आणि सोमवारी त्यांच्या हाती काहीच लागायचं नाही. चूक झाली एवढं यंत्राला कळतं, तर ती कुठे झाली हे कळून ती त्यानेच का सुधारू नये, असा त्यांचा सवाल होता. त्यांचा निबंध १९५० मध्ये बेलच्या तांत्रिक नियतकालिकात आला. पण सात बिटांचं त्यांचं उदाहरण क्लॉड शॅनन यांनी १९४८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्यांच्या नावानिशी आधीच दिलं होतं.

हॅमिंग यांची कल्पना अशी. सगळ्या बिटांवर मिळून एकच पॅरिटी ठेवण्याऐवजी वेगवेगळ्या गटांवर तीन पॅरिटी ठेवायच्या आणि गट एकमेकांत अडकवायचे. तीन तपासण्या म्हणजे तीन हो-नाही उत्तरं, आणि त्यांच्या जुळण्या होतात आठ. ‘चूक नाही’ यासाठी एक जुळणी ठेवली तर सात उरतात. म्हणून गठ्ठा सात बिटांचा घ्यायचा: चार माहितीचे, तीन तपासणीचे. प्रत्येक जागेला एक जुळणी मिळते. ना कमी, ना जास्त. ठरावीक लांबीच्या अशा गठ्ठ्यांमुळेच या पद्धतीला ब्लॉक कोड म्हणतात.

आता जागांना १ ते ७ क्रमांक द्या. प्रत्येक क्रमांक १, २ आणि ४ यांच्या बेरजेतून बनतो: ३ म्हणजे २ अधिक १, ५ म्हणजे ४ अधिक १, ६ म्हणजे ४ अधिक २, आणि ७ मध्ये तिन्ही येतात. ज्या जागेच्या बेरजेत १ आहे ती पहिल्या गटात, २ असेल तर दुसऱ्या, ४ असेल तर चौथ्या. गटांची नावंही तीच ठेवू, कारण ती पुढे कामी येणार आहेत. १, २ आणि ४ या जागा एकेकाच गटात येतात, म्हणून त्या-त्या गटाचा पॅरिटी बिट तिथे बसवायचा. ३, ५, ६, ७ या जागा माहितीसाठी.

‘क’चे ०१०१ हे बिट ओळीने ३, ५, ६ आणि ७ या जागी ठेवू. पहिल्या गटात १, ३, ५, ७ या जागा आहेत. त्यातले माहितीचे बिट ०, १, १. एकांची संख्या आधीच सम, म्हणून पहिल्या जागी शून्य. दुसऱ्या गटात २, ३, ६, ७ येतात. माहितीचे बिट ०, ०, १. एक एकटाच पडला, म्हणून जोडीला दुसऱ्या जागी १. चौथ्या गटात ४, ५, ६, ७. माहितीचे बिट १, ०, १, म्हणून चौथ्या जागी शून्य. मेमरीत हे असं बसतं:

```
जागा   १ २ ३ ४ ५ ६ ७
बिट    ० १ ० ० १ ० १
```

आता सहाव्या जागेचा बिट उलटू द्या. ‘क’चा ‘ग’ करणारा बिट तोच. वाचताना ०१००१११ असं दिसेल. संगणकाला मूळ आकडा ठाऊक नाही. त्याच्याकडे आहेत फक्त हे सात बिट आणि तीन तपासण्या. पहिला गट: ०, ०, १, १. एक दोन, ठीक. दुसरा गट: १, ०, १, १. एक तीन, बिघाड. चौथा गट: ०, १, १, १. पुन्हा तीन, बिघाड. ज्या गटांत बिघाड दिसला त्यांची नावं मिळवा: २ अधिक ४, सहा. चूक सहाव्या जागी आहे. बिट दोनच प्रकारचे असल्याने जागा कळली की दुरुस्तीही कळली: तिथला १ पुसून ० करा. ‘काय’ परत मिळाला.

बेरजेतून नेमकी चुकीची जागा का निघावी, हे आता उघड आहे. सहावी जागा दुसऱ्या आणि चौथ्या गटात आहे, पहिल्यात नाही. ती उलटली की तेच दोन गट तक्रार करणार. पॅरिटी बिट स्वतःच उलटला तरी हिशेब चुकत नाही: चौथ्या जागी चूक झाली तर फक्त चौथा गट बोलतो, बेरीज चार येते, आणि माहिती शाबूत आहे हे कळतं.

मात्र हा सगळा हिशेब एका गृहीतकावर उभा आहे: सातांत चूक झाली असेल तर एकच. तिसरा आणि सहावा असे दोन बिट उलटले आहेत असं धरा. वाचताना ०११०१११ मिळेल. पहिल्या गटात तीन एक, बिघाड. दुसऱ्यात चार, ठीक. चौथ्यात तीन, बिघाड. बेरीज पाच. संगणक पाचव्या जागेचा चांगला बिट उलटवतो आणि ०११००११ तयार होतं. पुन्हा तपासा, तिन्ही गट सम! माहितीचे बिट आता १०११ झाले, आणि तो ‘छ’चा शेवटचा अंक आहे. दोन चुकांत तिसरीची भर पडली, आणि ‘छाय’ हा शब्द तपासून बरोबर ठरवला गेला. साध्या पॅरिटीने निदान काही बिघडवलं तरी नसतं. म्हणून दुरुस्तीची ही पद्धत एकटी वापरणं मला धोक्याचं वाटतं.

त्यावर उपायही हॅमिंग यांच्याच निबंधात आहे: आठवा बिट, सातांवर मिळून एक पॅरिटी. आपल्या मूळ गठ्ठ्यात तीन एक आहेत, म्हणून आठवा बिट १. एक चूक झाली तर ही एकूण पॅरिटी विषम होते. मग गटांची बेरीज सांगेल ती जागा बिनधास्त सुधारायची. दोन चुका झाल्या तर एकूण पॅरिटी समच राहते, पण गट तक्रार करतात. मघाचंच उदाहरण बघा: गटांची बेरीज पाच, एकांची संख्या मात्र सहा, म्हणजे सम. एकाच चुकीने असं होऊच शकत नाही. अशा वेळी कशालाही हात न लावता ‘हा आकडा खराब आहे’ एवढंच कळवायचं. तीन चुका मात्र यालाही फसवू शकतात.

चार बिटांच्या माहितीला चार जादा बिट ही फार महाग रखवाली. गठ्ठा मोठा केला की खर्च झपाट्याने उतरतो. ६४ बिटांच्या माहितीला सात तपासणी बिट पुरतात, कारण सात उत्तरांच्या जुळण्या १२८ होतात आणि जागा भरतात ७१. त्यात एकूण पॅरिटीचा एक बिट मिळवला की ७२. सर्व्हरमध्ये बसणाऱ्या अनेक ईसीसी मेमरींत प्रत्येक ६४ बिटांमागे ७२ साठवले जातात ते या हिशेबाने. घरच्या संगणकात आणि लॅपटॉपमध्ये मात्र अशी ईसीसी मेमरी बहुधा नसते.

खरा धोका एकाच गठ्ठ्यात दुसरी चूक शिरण्याचा, म्हणून तो टाळायची दुहेरी तजवीज असते. चिपवर शेजारी असलेले बिट वेगवेगळ्या गठ्ठ्यांना वाटून देतात, म्हणजे एका कणाने दोन शेजारी बिघडवले तरी प्रत्येक गठ्ठ्याच्या वाट्याला एकच चूक येते. शिवाय यंत्र फुरसतीत सगळी मेमरी ओळीने वाचत राहतं आणि सापडलेली एकेरी चूक तिथल्या तिथे सुधारून परत लिहितं. लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये अशा दुरुस्त्यांची मोजणी `ce_count` या नावाने आणि दुरुस्त न होणाऱ्या चुकांची `ue_count` या नावाने मिळते. क्वचित एखादी दुरुस्ती दिसली तर ती एखाद्या भटक्या कणाची करामत असू शकते. पण एकाच मेमरी पट्टीचा `ce_count` रोज चढत असेल, तर दोष कणाचा नसून बहुधा त्या पट्टीचा असतो, आणि `ue_count` शून्यावर आहे तोवरच ती बदललेली बरी.